नीटचा प्रश्नसंच चालू नियमांशी जुळतो का? पडताळणीच्या पद्धतींचा आढावा

वैद्यकीय प्रवेशासाठीच्या नीट परीक्षेचे सराव अ‍ॅप किंवा प्रश्नसंच चालू नियमांशी जुळतो का, या प्रश्नात तीन प्रश्न दडलेले आहेत. प्रश्नपत्रिकेचा आराखडा, म्हणजे प्रश्नसंख्या, वेळ आणि गुणदान, यंदाचा आहे का? विचारलेले प्रश्न यंदाच्या अभ्यासक्रमातले आहेत का? आणि दिलेली उत्तरे पाठ्यपुस्तकाच्या चालू आवृत्तीशी जुळतात का? एखादा संच पहिल्या कसोटीला उतरून दुसरीत नापास होऊ शकतो, दोन्ही पार करून तिसरीत अडकू शकतो. त्यामुळे ‘अपडेटेड’ या एका शब्दाने तिन्हींची हमी मिळत नाही. हा आढावा २०२५ च्या परीक्षेपर्यंतच्या नियमांवर आधारलेला आहे.

नियम कसे बदलत गेले

नीट पहिल्यांदा २०१३ मध्ये झाली, मध्ये खंड पडला आणि २०१६ पासून ती पुन्हा सुरू झाली. २०१९ पासून ती राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए, घेते. २०२० पर्यंत आराखडा स्थिर होता: १८० प्रश्न, १८० मिनिटे, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा.

कोविडच्या काळात शिक्षण मंडळांनी आपापले अभ्यासक्रम कमी केले आणि २०२१ मध्ये नीटमध्ये ऐच्छिक प्रश्न आले. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र अशा चार भागांत प्रत्येकी ५० प्रश्न. त्यांतले ३५ ‘अ’ विभागात सक्तीचे आणि ‘ब’ विभागातल्या १५ पैकी कोणतेही १०. एकूण २०० प्रश्न छापले जात आणि त्यांतले १८० सोडवायचे असत. २०२२ मध्ये वेळ २० मिनिटांनी वाढून २०० मिनिटे झाली. जानेवारी २०२५ मध्ये एनटीएने हे दोन्ही बदल मागे घेतले. ‘ब’ विभाग गेला, जादा वेळ गेला, १८० सक्तीचे प्रश्न आणि १८० मिनिटे हा जुना आराखडा परत आला.

अभ्यासक्रमाची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तो एनटीए ठरवत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे पदवीपूर्व वैद्यकीय शिक्षण मंडळ ठरवते. एनसीईआरटीने पाठ्यपुस्तके आटोपशीर केल्यानंतर आयोगाने २०२४ च्या परीक्षेसाठी नवा अभ्यासक्रम नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केला. त्यात रसायनशास्त्रातून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, हायड्रोजन, एस-ब्लॉक, पॉलिमर्स आणि दैनंदिन जीवनातील रसायनशास्त्र ही प्रकरणे वगळली गेली. जीवशास्त्रातून ट्रान्सपोर्ट इन प्लांट्स, मिनरल न्यूट्रिशन, पचन व शोषण आणि पर्यावरणविषयक समस्या ही प्रकरणे गेली. काही भाग नव्याने आलाही: भौतिकशास्त्रात प्रयोगकौशल्यांचे आणि रसायनशास्त्रात प्रात्यक्षिकांमागच्या तत्त्वांचे स्वतंत्र घटक जोडले गेले.

आराखडा आणि अभ्यासक्रम वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या संस्थांनी बदलले. बाजारातल्या संचांमधला बराचसा गोंधळ इथूनच सुरू होतो. २०२३ मध्ये केलेल्या संचात आराखडाही जुना आणि अभ्यासक्रमही जुना. २०२४ साठी दुरुस्त केलेल्या संचात अभ्यासक्रम नवा, पण आराखडा ऐच्छिक प्रश्नांचा. २०१९ चा संच मात्र आराखड्याने आजच्याशी हुबेहूब जुळतो आणि अभ्यासक्रमाने जुळत नाही. वरवर पाहणाऱ्याला सर्वांत जास्त फसवणारा संच हाच असतो.

मूळ कागद दोनच

पडताळणीसाठी लागणारे अधिकृत कागद दोन आहेत. एनटीएची त्या वर्षाची माहितीपुस्तिका neet.nta.nic.in वर मिळते. आराखडा, गुणदान, भाषांचे नियम आणि उत्तरतालिकेवर आक्षेप घेण्याची पद्धत तिच्यात असते. आयोगाचा अभ्यासक्रम nmc.org.in वर असतो. या दोहोंवरचे वर्ष आधी पाहावे, कारण मागच्या वर्षांच्या फाइली इंटरनेटवर तशाच फिरत राहतात आणि शोधताना कित्येकदा त्याच आधी सापडतात.

अ‍ॅप स्टोअरवर दिसणारी ‘शेवटची सुधारणा’ ही तारीख या कामी निरुपयोगी आहे. ती सॉफ्टवेअरची तारीख असते. लॉगिनमधली त्रुटी दुरुस्त केली तरी ती बदलते आणि आतले प्रश्न पाच वर्षांपूर्वीचेच राहू शकतात. सरकारी अ‍ॅपही याला अपवाद मानता येत नाही. एनटीएचे ‘नॅशनल टेस्ट अभ्यास’ हे अ‍ॅप मे २०२० मध्ये सुरू झाले. त्या वर्षी त्यात आलेल्या चाचण्या त्या वेळच्या विस्तृत अभ्यासक्रमावरच बेतलेल्या होत्या.

आराखड्याची तपासणी

ही तपासणी पाच मिनिटांची आहे. फक्त ती योग्य खुणांवर करायला हवी. एकूण गुण पाहून काहीच कळत नाही, कारण २०२० मध्ये ७२० होते, २०२४ मध्येही ७२० होते आणि २०२५ मध्येही ७२०. सोडवायच्या प्रश्नांची संख्याही तिन्ही वेळा १८०. फरक कळतो तो छापलेल्या प्रश्नांच्या संख्येवरून आणि घड्याळावरून. चाचणी उघडल्यावर २०० प्रश्न दिसले किंवा ‘ब’ विभागात ‘१५ पैकी १०’ अशी सूचना आली, तर संच २०२१ ते २०२४ मधला आहे.

अर्धवट दुरुस्तीही आढळते. ‘ब’ विभागातले पाच-पाच प्रश्न काढून १८० चा आकडा जुळवलेला असतो, पण घड्याळ २०० मिनिटांवरच राहिलेले असते. हा फरक किरकोळ नाही. २०० मिनिटांत १८० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला सुमारे ६७ सेकंद. १८० मिनिटांत ६०. अशा अ‍ॅपवर वर्षभर सराव केलेला विद्यार्थी शेवटचे १८ प्रश्न राहिलेले असताना परीक्षेची घंटा ऐकेल, कारण त्याच्या सवयीच्या वेगाने १८० मिनिटांत साधारण १६२ प्रश्नच होतात.

ऐच्छिक प्रश्नांचा परिणाम गुणांवरही होतो. ऐच्छिक प्रश्नांच्या आराखड्यात प्रत्येक भागातले पाच अवघड प्रश्न, म्हणजे एकूण २०, सोडून देऊनही पूर्ण ७२० ची वाट मोकळी असे. आज सोडलेला प्रत्येक प्रश्न चार गुणांनी कमाल गुणसंख्या खाली आणतो. म्हणून त्या आराखड्यावर मिळालेले ६०० आणि आजच्यावर मिळालेले ६०० यांची तुलना करता येत नाही.

अभ्यासक्रमाची तपासणी

इथे दोन्ही बाजूंनी शोध घ्यावा लागतो. वगळलेले काही शिल्लक आहे का हे बहुतेक जण पाहतात; जोडलेले काही गायब आहे का हे फारसे कोणी पाहत नाही. प्रकरणांच्या यादीत सॉलिड स्टेट किंवा मिनरल न्यूट्रिशन दिसले, तर संच २०२३ किंवा त्याआधीचा असण्याची शक्यता मोठी. पण जुनी प्रकरणे नुसती पुसून ‘नवा’ केलेला संच या चाळणीतून सुटतो. तो पकडण्यासाठी व्हर्नियर कॅलिपर, स्क्रू गेज, साधा लंबक, क्षारांचे गुणात्मक विश्लेषण अशा प्रात्यक्षिकांवरचे प्रश्न शोधावेत. ते पूर्ण चाचण्यांमध्ये कुठेच नसतील, तर संचात काटछाट झाली आहे, नव्याने बांधणी झालेली नाही.

शोध प्रकरणवार यादीपुरता ठेवणेही पुरेसे नाही. यादी दुरुस्त करणे सोपे असते. १८० प्रश्नांच्या तयार चाचण्यांमधून एकेक प्रश्न बदलणे कष्टाचे. त्यामुळे यादी स्वच्छ आणि पूर्ण चाचण्या जुन्या, असे वारंवार घडू शकते. दोन-तीन पूर्ण चाचण्यांतला रसायनशास्त्राचा भाग, म्हणजे प्रत्येकी ४५ प्रश्न, अभ्यासक्रम शेजारी ठेवून तपासला की चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होते. रसायनशास्त्र निवडायचे कारण इतकेच की काटछाट तिथे सर्वाधिक दिसते.

प्रकरणाचे नाव आणि प्रश्नाचा आशय यांत मात्र गल्लत होऊ नये. रसायनशास्त्रातले ‘स्टेट्स ऑफ मॅटर’ वगळले गेले, पण आदर्श वायूचे समीकरण भौतिकशास्त्रातल्या वायूंच्या गतिज सिद्धांतात कायम आहे. त्यावरचा प्रश्न रसायनशास्त्राच्या शीर्षकाखाली दिसला तर वर्गवारी चुकलेली आहे. प्रश्न बाद होत नाही.

सर्वांत गुंतागुंतीचे उदाहरण पी-ब्लॉकचे. एनसीईआरटीने बारावीच्या पुस्तकातून गट १५ ते १८ चे प्रकरण पूर्ण काढले. त्यावरून अनेकांनी ते नीटमधूनही गेले असे मानले. आयोगाच्या अभ्यासक्रमात मात्र गट १३ ते १८ आहेत, पण मर्यादित स्वरूपात: इलेक्ट्रॉनी संरूपण, आवर्तात आणि गटात दिसणारे गुणधर्मांचे सर्वसाधारण कल, आणि प्रत्येक गटातल्या पहिल्या मूलद्रव्याचे वेगळेपण.

या तीन ओळी हातात ठेवून एखाद्या संचातले चार प्रश्न तपासून पाहता येतील. ऑक्सिजनच्या गटातल्या हायड्राइडांची आम्लता वरून खाली कशी बदलते, हा पहिला प्रश्न. पाण्यापासून टेल्युरियमच्या हायड्राइडपर्यंत ती वाढत जाते. हा गटातला कल आहे, म्हणून प्रश्न अभ्यासक्रमात बसतो. नायट्रोजन आपल्या गटातल्या इतरांपेक्षा वेगळा का वागतो, हा दुसरा. पहिल्या मूलद्रव्याच्या वेगळेपणात तो सरळ येतो. झेनॉन टेट्राफ्लोराइडच्या रेणूचा आकार कोणता, हा तिसरा. पी-ब्लॉकच्या ओळींत संयुगांचा उल्लेख नाही, त्यामुळे तो बाहेरचा वाटतो, पण इलेक्ट्रॉन जोड्यांच्या प्रतिकर्षणावरून रेणूचा आकार काढणे रासायनिक बंधाच्या घटकात आहेच. हा प्रश्न दुसऱ्या दाराने आत येतो. गंधकाम्लाच्या संपर्क पद्धतीत कोणता उत्प्रेरक वापरतात, हा चौथा. व्हॅनेडियम पेंटॉक्साइड हे त्याचे उत्तर, पण कल, संरूपण किंवा वेगळेपण यांपैकी कशातच तो मोडत नाही. तो जुन्या पुस्तकातून उचललेला आहे.

म्हणजे पी-ब्लॉक पूर्ण गाळणारा संच अपुरा आणि जुने प्रकरण जसेच्या तसे ठेवणारा संच फुगलेला. दोन्ही चुका ‘नव्या अभ्यासक्रमानुसार’ या शिक्क्याखाली विकल्या जाऊ शकतात.

उत्तरे आणि पुस्तकाची आवृत्ती

आवृत्तीचा प्रश्न किती महाग पडू शकतो हे २०२४ च्या परीक्षेने दाखवले. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात दोन विधाने होती. अणूत धन आणि ऋण प्रभार समान असल्याने तो विद्युतदृष्ट्या उदासीन असतो, हे पहिले. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात, हे दुसरे. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत दुसरे विधान याच धाटणीचे होते. नव्या आवृत्तीत ते ‘बहुतेक’ मूलद्रव्यांपुरते केले गेले होते. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, तेव्हा शास्त्रीयदृष्ट्या नवे विधानच बरोबर.

एनटीएने आधी एकच उत्तर मान्य केले होते. जुने पुस्तक वाचलेल्यांचे आक्षेप आल्यावर दोन पर्यायांना गुण दिले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. न्यायालयाच्या सूचनेवरून आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांनी जुलै २०२४ मध्ये मत दिले की बरोबर पर्याय एकच, दुसरे विधान चुकीचे ठरवणारा. निकाल पुन्हा लागला. दुसरा पर्याय निवडलेल्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रत्येकी पाच गुण कमी झाले: मिळालेले चार गेले आणि एक वजा झाला. आधी ६७ जणांना पूर्ण ७२० गुण होते, त्यांतल्या ४४ जणांचे पूर्ण गुण याच प्रश्नामुळे होते. सुधारित निकालात ७२० वाले १७ उरले.

या निकालातून पडताळणीसाठी ठोस निकष मिळतो. पाठ्यपुस्तकातले वाक्य जसेच्या तसे विचारणारे प्रश्न, विशेषतः विधान-विधान आणि विधान-कारण या प्रकारचे, पुस्तकाच्या आवृत्तीवर अवलंबून असतात. संचातल्या स्पष्टीकरणात पानाचा क्रमांक दिला असेल, तर तो चालू आवृत्तीत उघडून पाहावा. पान जुळत नसेल किंवा त्या पानावर ते वाक्यच नसेल, तर स्पष्टीकरण जुन्या आवृत्तीवरून लिहिलेले आहे. मराठीतून परीक्षा देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: भाषांतरात संदिग्धता निघाल्यास इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. ज्या मराठी संचात मूळ इंग्रजी प्रश्न शेजारी दिसत नाही, त्याची उत्तरे पडताळण्याचा मार्गच बंद होतो.

तीन भूमिका

संच किती काटेकोरपणे जुळायला हवा, याबाबत शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात साधारण तीन मते आढळतात.

पहिले मत काटेकोर जुळणीचे. वगळलेल्या प्रकरणावरचा प्रत्येक प्रश्न वेळ खातो आणि त्याहून वाईट म्हणजे गुणांचा अंदाज बिघडवतो. चाचणीत ४५ पैकी सहा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचे असतील आणि विद्यार्थ्याने ते सोडले, तर २४ गुणांची तूट दिसेल, जी प्रत्यक्षात अस्तित्वातच नाही. ती भरून काढायला तो वगळलेले प्रकरण वाचायला बसतो.

दुसरे मत विस्तृत सरावाचे. त्यानुसार आयोगाच्या अभ्यासक्रमाच्या ओळी इतक्या थोडक्यात लिहिलेल्या आहेत की सीमारेषा परीक्षकच ठरवतो. संकल्पना एकमेकींत गुंतलेल्या असल्याने थोडे जास्त वाचलेले वाया जात नाही, उलट कमी वाचलेले नडते. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका हाच अस्सल सराव, त्यात काही प्रश्न कालबाह्य असले तरी चालतील, असे हे मत सांगते.

तिसऱ्या मतानुसार एनसीईआरटीचे पुस्तक हाच खरा अभ्यासक्रम. जीवशास्त्रात हे मत पुष्कळ अंशी टिकते, कारण तिथले बरेच प्रश्न पुस्तकातल्या वाक्यांवर आधारलेले असतात. रसायनशास्त्रात ते पी-ब्लॉकपाशी अडते. जीवशास्त्रातही अपवाद आहेतच: अभ्यासक्रमात वनस्पतींच्या माल्व्हेसी, क्रुसिफेरी, लेग्युमिनोसी, कंपोझिटी आणि ग्रॅमिनी या कुलांची नावे आहेत, तर आटोपशीर केलेल्या पुस्तकात सोलॅनेसी तेवढे उरले आहे.

तिन्ही मतांना आपापल्या जागी आधार आहे. वर्षाच्या सुरुवातीच्या प्रकरणवार सरावात दुसऱ्या मताप्रमाणे थोडी सैल जुळणी चालते. गुण मोजून स्वतःची जागा ठरवण्यासाठी दिलेल्या पूर्ण चाचणीत मात्र पहिल्या मताला पर्याय दिसत नाही, कारण चुकीच्या मापाने घेतलेले माप दुरुस्त करता येत नाही.

महाराष्ट्रातली खास अडचण

महाराष्ट्रातला विद्यार्थी बहुधा बारावी, एमएचटी-सीईटी आणि नीट यांची तयारी एकत्र करतो, आणि इथल्या अनेक संचांत तिन्हींचे प्रश्न एकाच साठ्यातून येतात. बालभारतीच्या बारावीच्या रसायनशास्त्रात पहिलेच प्रकरण सॉलिड स्टेट आहे, पॉलिमर रसायनही आहे. जीवशास्त्रात वनस्पतींचे जलसंबंध आणि खनिज पोषण आहे. बारावी आणि सीईटीसाठी ते आवश्यक, नीटसाठी अनावश्यक. म्हणून राज्यातल्या संचात सॉलिड स्टेट दिसले एवढ्यावरून तो जुना म्हणता येत नाही. ते नीटच्या चाचणीत आले आहे की सीईटीच्या, हे पाहावे लागते.

गुणदानही वेगळे आहे. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, अकरावीचा वाटा सुमारे २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के असतो. नीटमध्ये अशी टक्केवारी नाही. एकाच अ‍ॅपमध्ये दोन्ही परीक्षा असतील, तर एका प्रश्नाचे उत्तर मुद्दाम चुकवून पाहावे. नीटच्या चाचणीत एक गुण वजा झाला नाही, तर अ‍ॅपने सीईटीचे गुणदान लावलेले आहे. दुसरीकडे याच मिश्रणाचा फायदाही होतो: गट १३ ते १८ ची प्रकरणे एनसीईआरटीच्या नव्या पुस्तकांतून गेली असली, तरी बालभारतीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांत ती माहिती सलग मिळते.

काय अनिर्णित आहे

प्रश्नसंच अभ्यासक्रमाशी जुळतो असे प्रमाणपत्र देणारी यंत्रणा नाही. कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोट्या दाव्यांना त्यामुळे आळा बसू शकतो. पण संचातला प्रत्येक प्रश्न अभ्यासक्रमाच्या कोणत्या ओळीवर आहे हे छापण्याचे बंधन त्यातून आलेले नाही.

अभ्यासक्रमाच्या शब्दांतच संदिग्धता आहे, हा दुसरा प्रश्न. प्राण्यांच्या रचनेच्या घटकात ‘कीटक’ असे लिहून कंसात बेडूक म्हटलेले आहे. अशा ओळीवरून झुरळाचा प्रश्न आत की बाहेर, हे कोणताही संचकर्ता खात्रीने सांगू शकत नाही, आणि त्याने तो ठेवला म्हणून त्याला दोषही देता येत नाही.

तिसरा प्रश्न काठिण्याचा. नियम आणि अभ्यासक्रम दोन्ही जुळले तरी पेपरची अवघडता वर्षागणिक बदलते. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ जणांना ७२० गुण होते. २०२५ मध्ये सर्वोच्च गुण ६८६ होते. मागच्या वर्षाच्या गुणांवरून क्रमांकाचा अंदाज सांगणारी अ‍ॅपमधली सोय अशा वेळी सपशेल चुकते, आणि ही चूक कोणत्याही पडताळणीने आधी पकडता येत नाही.

हे प्रश्न अनिर्णित असेपर्यंत विद्यार्थी आणि पालकांनी पैसे भरण्याआधी विनामूल्य मिळणारी एक पूर्ण चाचणी उघडावी. प्रश्नसंख्या आणि घड्याळ पाहावे, एक उत्तर चुकवून गुण वजा होतो का ते तपासावे, रसायनशास्त्राचे ४५ प्रश्न आयोगाच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहावेत. एवढे तपासू न देणारा संच विकत घेऊ नये.